अडकलेला गुडघा आणि दुखणारा गुडघा

गुडघा पिळवटला आणि त्यानंतर तो ‘लॉक’ झाला, असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. व्यायाम की दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हा निर्णय त्यांतला कोणता अर्थ खरा ठरतो यावर बराचसा अवलंबून असतो.

पंचविशीतल्या एका खेळाडूचे कल्पित उदाहरण घेऊ. पाऊल जमिनीवर रोवलेले असताना त्याचे शरीर वळले, गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सूज चढली. (सूज तासा-दोन तासांतच टम्म झाली असती, तर सांध्यात रक्तस्राव, बहुधा लिगामेंटची इजा, असा संशय आधी घ्यावा लागला असता.) आता गुडघा वाकतो, पण शेवटचे वीसेक अंश सरळ होत नाहीत.

हे अडणे वेदनेमुळे आखडलेल्या मांडीमागच्या स्नायूंचे असू शकते. अशा वेळी विश्रांती, बर्फ आणि वेदनाशामकांनी काही दिवसांत गुडघा हळूहळू सरळ होत जातो. मेनिस्कसचा, म्हणजे सांध्यातल्या गादीचा, फाटलेला पट्टा हाडांमध्ये शिरला असेल, तर मात्र वेदना उतरल्यावरही गुडघा त्याच कोनात थांबतो आणि दाबल्यास रबरासारखा परत उसळतो. रुग्णाला पालथे झोपवून, पाय टेबलाच्या कडेबाहेर ठेवून दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पाहिला की गुडघा किती अंश कमी सरळ होतो, हे मोजता येते. साधारण एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. गुडघा जोर लावून सरळ करू पाहणे मात्र धोक्याचे, कारण त्याने फाट वाढू शकते.

व्यायामाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात मेनिस्कस फाटलेल्या 18 ते 40 वयोगटातील रुग्णांना लवकर शस्त्रक्रिया किंवा बारा आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम देण्यात आला, आणि वर्षअखेर दोन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय फरक दिसला नाही. व्यायामगटातील साधारण चौथा हिस्सा पुढे शस्त्रक्रियेकडे वळला. परंतु ज्या फाटीत पट्टा बादलीच्या कडीसारखा सुटून जागेवरून सरकतो, त्या ‘बकेट हँडल’ फाटीचे रुग्ण या अभ्यासात घेतलेलेच नव्हते. त्यामुळे हा निष्कर्ष खऱ्या अडकलेल्या गुडघ्याला लावणे मला चुकीचे वाटते.

आपल्या खेळाडूच्या एमआरआयमध्ये असा सरकलेला पट्टा दिसला, तर महिनोन्‌महिने व्यायाम करत थांबू नये, कारण चिरडला जाणारा पट्टा विद्रूप होतो आणि टाके घालण्याची संधी हुकते. फाट रक्तपुरवठा असलेल्या बाहेरच्या कडेजवळ असेल, तर टाके धरण्याची शक्यता अधिक असते. कातरून टाकण्यापेक्षा शिवणे बरे, कारण गादी जितकी कमी होईल तितका कूर्चेवरचा भार वाढतो. शिवल्यानंतर गुडघा पहिले चार ते सहा आठवडे नव्वद अंशांपलीकडे सहसा वाकवू देत नाहीत, आणि खेळाकडे परतायला साधारण सहा महिने लागतात. तो सर्व काळ मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करावाच लागतो.