तांदळाचा रंग आणि रक्तातील साखर

श्रोतेहो, ज्या घरात दोन्ही वेळा भात शिजतो आणि ज्या घरातील एकदोघांचा एचबीए१सी हा गेल्या तीनेक महिन्यांतील सरासरी साखर सांगणारा आकडा ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेत आला आहे, त्या घराने ब्राऊन, उकडा की पॉलिश केलेला तांदूळ आणावा, हा आजचा विषय आहे. उत्तराकडे वळण्यापूर्वी मला एक तक्रार मांडायची आहे.

अशा माणसाच्या हाती आहाराचा जो कागद पडतो, त्यावर ‘पांढरा भात बंद, ब्राऊन राइस सुरू’ एवढेच लिहिलेले असते; किती खायचा, याबद्दल अवाक्षर नसते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना असाच कागद मिळाला. भात पथ्याचा ठरल्यामुळे त्यांच्या पत्नी तो आग्रहाने वाढू लागल्या, आणि पुढच्या तपासणीत आकडा जागचा हलला नाही, तेव्हा दोघेही खचले. मी त्यांना स्वयंपाकघरातील काट्यावर ताटातला भात तोलायला सांगितले. तो प्रत्येक जेवणाला ३०० ग्रॅम भरला.

आता हिशेब पाहा. शिजलेल्या १०० ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके असतात, ब्राऊन राइसच्या भातात साधारण २५. म्हणजे ३०० ग्रॅम पांढऱ्या भातातून ८४ ग्रॅम आणि तेवढ्याच ब्राऊन भातातून ७५ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. तांदूळ बदलून ९ ग्रॅम वाचले. तांदूळ न बदलता भात ३०० वरून २०० ग्रॅमवर आणला असता, तर २८ ग्रॅम वाचले असते. ब्राऊन राइसवर राहणाऱ्या कोंड्यातील तंतुमय पदार्थ आणि मॅग्नेशियम यांचे मोल मी नाकारत नाही; परंतु भाताचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाने कमी करण्याचे काम कोंडा करू शकत नाही. त्या कागदावर हे एक वाक्य लिहायला किती वेळ लागला असता? या माणसांची चिकाटी अपुऱ्या सल्ल्यापायी वाया जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी गोष्ट रंगाची. साखर किती वेगाने चढेल, हे कोंड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, आतील पिष्टावर अवलंबून असते. ज्या वाणात अमायलोज, म्हणजे सरळ साखळीचे पिष्ट जास्त असते, त्याचा भात मोकळा होतो आणि सावकाश पचतो. ज्यात ते कमी असते, तो भात चिकट होतो आणि लवकर पचतो. म्हणून चिकट वाणाचा ब्राऊन राइस मोकळ्या वाणाच्या पांढऱ्या भातापेक्षा साखर जास्त वेगाने चढवू शकतो.

वेळ संपत आल्याची खूण मला झाली आहे, तेव्हा उकड्या तांदळाबद्दल थोडक्यात सांगतो. तो तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडला जातो. वाफेने पिष्ट फुलते आणि निवताना त्याचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो. शिवाय कोंड्यातील थायमिन दाण्याच्या आत उतरते, त्यामुळे पुढे पॉलिश केले तरी ते बरेच टिकते. म्हणून दोन्ही वेळा भात खाणाऱ्या घराला माझा सल्ला असा: रोजचा तांदूळ मोकळ्या वाणाचा उकडा असावा, तो दाणा अखंड राहील इतपतच शिजवावा आणि प्रत्येकाचा भात तोलून वाढावा. ताटात रिकाम्या झालेल्या जागी भाजी आणि कडधान्य यावे. ब्राऊन राइस ज्यांना चावता येतो आणि रुचतो, त्यांनी तो एका वेळेस जरूर खावा. मात्र कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो, म्हणून थोडाच आणावा. शिवाय आर्सेनिकही कोंड्यातच अधिक साठते, म्हणून लहान मुलांना दोन्ही वेळा तोच देऊ नये.

हा सल्ला आपल्या घरी लागू पडतो का, हे ग्लुकोमीटरवर पाहता येते. जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी साखर मोजावी. भाजी, कडधान्य आणि भाताचे वजन तेच ठेवून फक्त तांदूळ बदलावा. या यंत्राच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे १३० आणि १४० यांतील अंतरावरून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक तांदळाची चाचणी निदान तीनदा करून सरासरी घ्यावी. एचबीए१सी मात्र तीन महिन्यांनीच पुन्हा तपासावा, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्याआधीच्या आकड्यात जुन्या भाताचा हिशेबही मिसळलेला असतो.