पाटल्यांची जोडी आणि सोन्याचा भाव

म्हापशातील एका सोनाराच्या पेढीवर मुलीच्या लग्नाचे सोने ठरवायला आलेली आई तराजूकडे पाहून म्हणते, “शेट, पाटल्या थोड्या हलक्या करा, पण जोडी मोडू नका.” भाव वाढला की सोन्याचे वजन घटते आणि खर्च मात्र वाढतो, तो का, हे या एका वाक्यातून कळते.

सोयीसाठी असे धरू, की या घराने आधी बावीस कॅरेटचे 40 ग्रॅम सोने ठरवले होते आणि तेव्हा भाव ग्रॅमला 6,000 रुपये होता. म्हणजे घडणावळ आणि जीएसटी सोडून खर्च 2,40,000 रुपये. पुढे भाव 9,000 झाला. मंगळसूत्र 16 ग्रॅमांवरून 14 वर आले, पाटल्या 20 वरून 15 वर आणि कर्णफुले 4 वरून 3 वर. एकूण वजन 32 ग्रॅम भरले, पण बिल 2,88,000 रुपयांचे झाले.

भाव 50 टक्के वाढला आणि वजन 20 टक्केच घटले. या दोन टक्केवारींचे गुणोत्तर 0.4 येते, हीच मागणीची किंमत लवचिकता, आणि ती एकाहून कमी असली की मागणीला अलवचिक म्हणतात. जुन्याच रकमेत भागवायचे असते, तर वजन एक तृतीयांशाने कमी करून पावणेसत्तावीस ग्रॅमांच्या आसपास आणावे लागले असते. तेवढ्या वजनात पाटल्या लगेच चेपतील अशा पातळ झाल्या असत्या. सोनार ग्रॅमवर विकतो, पण घर दागिन्यांची संख्या मोजते, आणि ती संख्या विधी व नातेवाईक ठरवतात. वाढदिवसाच्या अंगठीचे तसे नाही. भाव चढला की ती सरळ रद्द होते, म्हणून तिची मागणी बरीच लवचिक असते.

देशाच्या पातळीवरही हेच दिसते. 2024 साली भारतातील दागिन्यांची मागणी सुमारे 563 टन होती, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा साधारण 2 टक्क्यांनी कमी, तर तिचे रुपयांतील मूल्य सुमारे 22 टक्क्यांनी वाढले. मात्र या दोन आकड्यांवरून थेट लवचिकता काढणे धोक्याचे आहे, कारण त्याच वर्षी जुलैमध्ये आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले आणि लोकांचे उत्पन्नही स्थिर नव्हते. लवचिकता मोजताना भावाखेरीज बाकी सारे जैसे थे धरलेले असते.

बिलातही एक गोष्ट लपलेली असते. या आईने 10 ग्रॅमची जुनी मोड दिली, तर तिचे 90,000 रुपये वळते होऊन हातातून 1,98,000 रुपयेच जातात. जुन्या भावाने हीच मोड 60,000 रुपयांची झाली असती आणि रोख 1,80,000 रुपये द्यावे लागले असते. म्हणजे बिल 20 टक्क्यांनी वाढले, तरी रोख खर्च 10 टक्क्यांनीच वाढला, कारण चढलेला भाव तिच्या कपाटातील सोन्यालाही लागला.