मणक्याचा क्षयरोग : रुग्ण पुढे, चित्र मागे

(कुटुंबवैद्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजच्या विषयात लक्षणे, प्रतिमा, औषधांचा कालावधी आणि शस्त्रक्रिया असे चार भाग छापलेले आहेत. या चारही भागांत मला एकाच गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. मणक्याच्या क्षयरोगात चित्र रुग्णाच्या मागून चालते. आजार सुरू होतो तेव्हा एक्स-रे स्वच्छ असतो, औषधे लागू पडत असतात तेव्हा एमआरआय कधी कधी बिघडलेला दिसतो, आणि रुग्ण कामाला लागल्यावरही कित्येक महिने त्या चित्रात आजार शिल्लक असल्यासारखा भासतो. हे ज्याच्या लक्षात राहत नाही तो सुरुवातीला उशीर करतो आणि नंतर घाई करतो. या दोन्ही चुका एकाच रुग्णाच्या वाट्याला आलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून तिचीच हकिकत सविस्तर सांगतो.

बत्तीस वर्षांच्या या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा पाठदुखीला साडेतीन महिने झाले होते. दुखणे खांद्यांच्या फऱ्यांच्या जरा खाली, अगदी मधोमध होते. दिवसा कामाच्या ओघात ते सहन होई, पण रात्री कुशीवर वळताना जाग येई. ताप जाणवला नव्हता. वजन चार किलो उतरले होते, ते मात्र विचारल्यावरच कळले. आपल्या मनात क्षयरोग म्हटला की संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि खोकला असे चित्र उभे राहते, परंतु मणक्याच्या क्षयरोगात अशी सार्वदेहिक लक्षणे अनेक रुग्णांत नसतातच. फुप्फुसाचा एक्स-रेही पुष्कळदा निर्दोष असतो. हाती उरते ते फक्त दुखणे: हळूहळू वाढणारे, विश्रांतीने न थांबणारे आणि आठवड्यांच्या हिशेबात मोजावे लागणारे.

पहिल्याच महिन्यात त्यांच्या पाठीचा एक्स-रे काढला गेला होता आणि तो निर्दोष असल्याचे सांगण्यात आले होते. तो एक्स-रे मी स्वतः पाहिला. वाचणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती, कारण मणक्यातील खनिजांपैकी सुमारे ३० ते ४० टक्के भाग नाहीसा होईपर्यंत साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. चूक झाली ती पुढे. निर्दोष एक्स-रेचा अर्थ निर्दोष मणका असा लावला गेला, बसण्याच्या सवयीला दोष देण्यात आला, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, आणि दोन महिने गेले. या दोन महिन्यांत कोणी त्यांच्या पाठीला हात लावला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मी मणक्यांच्या टोकांवरून बोट फिरवले तेव्हा नवव्या पृष्ठीय मणक्यापाशी एक बारीकसा उंचवटा लागला आणि तिथे हलकेच ठोकताच त्या कळवळल्या. या तपासणीला दोन मिनिटे लागतात. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या पाठदुखीत ती वगळू नये, अशी माझी तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती आहे.

त्यांचा ईएसआर ६८ होता. एमआरआयत नवव्या आणि दहाव्या मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा सुजलेल्या होत्या. टी-वन चित्रात त्या काळ्या आणि स्टर चित्रात पांढऱ्या दिसत होत्या. मधली चकती थोडी खचलेली होती, पण शाबूत होती. येथे क्षणभर थांबू या. क्षयजंतू रक्तावाटे येतात आणि चकतीलगतच्या हाडात रुजतात. पू निर्माण करणाऱ्या इतर जंतूंपाशी चकती विरघळवणारी विकरे असतात, तशी क्षयजंतूंपाशी नसतात. त्यामुळे हाड बरेच झिजले तरी चकती पुष्कळ काळ तग धरते. इतर जंतुसंसर्गात चकती लवकर नष्ट होते, तर कर्करोग हाडात पसरला असता चकती बहुधा अस्पर्शित राहते आणि मणक्याचे मागचे खांब लवकर खाल्ले जातात. क्षयरोगाची आणखी एक खूण म्हणजे मणक्यांच्या पुढच्या अस्थिबंधाखालून दोन-तीन मणक्यांपर्यंत सरकत गेलेले, पातळ आणि गुळगुळीत भिंतीचे गळू. या बाईंच्या चित्रात ते दोन्ही बाजूंना चातीसारखे पसरलेले होते.

आधीच्या एमआरआयची मागणी केवळ दुखऱ्या भागापुरती होती. मी संपूर्ण कण्याचे एक उभे छेदचित्र मागवले आणि तिसऱ्या कटिमणक्यात दुसरा, न दुखणारा डाग सापडला. मधले मणके निरोगी ठेवून दूरवर असा दुसरा डाग पडणे दुर्मीळ नाही. हे एक छेदचित्र काही मिनिटांत मिळते, म्हणून मागणीपत्रावर ‘संपूर्ण कणा’ हे शब्द लिहायला विसरू नये.

इतके स्पष्ट चित्र असतानाही मी औषधे सुरू करण्यापूर्वी सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने गळू आणि हाड या दोहोंतून नमुना घेतला. नातेवाइकांनी विचारले की निदान दिसते आहे, मग सुई कशासाठी? त्याचे उत्तर असे की चित्र क्षयरोग सुचवते, पण जंतू कोणत्या औषधाला दाद देणार नाही हे सांगत नाही. नमुना जीन-एक्सपर्ट, कल्चर आणि ऊतीतपासणी अशा तिन्हींसाठी पाठवावा, कारण हाडातील क्षयरोगात जंतूंची संख्या कमी असते आणि एक तपासणी नकारार्थी आल्याने आजार नाकारता येत नाही. या बाईंच्या नमुन्यात क्षयजंतू सापडला आणि रिफॅम्पिसिनला तो दाद देणारा निघाला.

औषधे सुरू झाली: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल, वजनाच्या हिशेबाने, रोज. सहा आठवड्यांत रात्रीची झोप परतली, वजन दोन किलो वाढले, ईएसआर ३४ वर आला. आणि नेमक्या याच वेळी, दुसरा महिना संपताना, घरच्यांनी काळजीपोटी स्वतःहून दुसरीकडे एमआरआय काढून घेतला. गळू आधीपेक्षा मोठे होते. अहवालात आजार वाढल्याचे लिहिले होते आणि कोणीतरी त्यांना सांगितले की औषधे निष्फळ ठरली आहेत, आता शस्त्रक्रिया किंवा दुसऱ्या फळीची औषधे हाच मार्ग आहे. बाई रडत आल्या. माझ्याही मनात शंका उभी राहिली, कारण गळू खरोखरच वाढले होते.

अशा वेळी काय करावे, हाच माझ्या दृष्टीने आजचा गाभा आहे. जंतू मरू लागले आणि शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाली की पहिल्या काही महिन्यांत सूज आणि गळू काही काळ वाढू शकतात. याला विपरीत प्रतिक्रिया म्हणतात. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूचे चित्रही असेच दिसते, म्हणून निव्वळ चित्रावरून या दोहोंत फरक करता येत नाही. फरक करायचा तो रुग्णावरून. मी त्यांना पुन्हा पूर्ण तपासले. दुखणे कमी होते, वजन वाढत होते, ईएसआर उतरत होता, पायांची ताकद पूर्ण होती आणि प्रतिक्षिप्त क्रिया सामान्य होत्या. गोळ्या चुकल्या नव्हत्या. कल्चरचा अहवाल त्याच आठवड्यात आला आणि त्यातही जंतू औषधांना दाद देणारा होता. तेव्हा आम्ही औषधे होती तशीच चालू ठेवली आणि दर दोन आठवड्यांनी पायांची तपासणी ठरवून दिली. पाचव्या महिन्यात गळू निम्म्यावर आले. याउलट दुखणे वाढत असते, वजन घटत असते किंवा नवे गळू नव्या जागी उमटत असते, तर मी विलंब न लावता पुन्हा नमुना घेतला असता.

वेळ संपत आल्याची सूचना मिळाली आहे, म्हणून कालावधीविषयी थोडक्यात सांगतो. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने कोरिया, हाँगकाँग आणि मद्रास येथे केलेल्या चाचण्यांत आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन असलेले सहा आणि नऊ महिन्यांचे उपचार चांगले परिणाम देतात असे दिसले. तरीही भारतातील २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दोन महिने चार औषधे आणि पुढे दहा महिने तीन औषधे, असे एकूण १२ महिने सुचवले आहेत. गरजेनुसार ते १८ महिन्यांपर्यंत लांबवता येतात. ही लांबणी चित्रातील उरलेल्या सुजेपायी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. बरे झालेल्या मज्जेत चरबी भरू लागते आणि टी-वन चित्रात ती उजळ दिसते, पण हा बदल सर्वत्र एकाच वेळी होत नाही. या बाईंच्या बाराव्या महिन्याच्या चित्रात नवव्या मणक्यात चरबी भरली होती आणि दहाव्यात थोडी सूज होती. दुखणे नव्हते, ईएसआर १२ होता. औषधे थांबवली आणि दोन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. दहावा मणकाही पुढे उजळला. एवढा काळ एथॅम्ब्युटॉल घेणाऱ्याची दृष्टी आणि रंगांची ओळख अधूनमधून तपासावी, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता शस्त्रक्रिया. बहुसंख्य रुग्ण औषधांनीच बरे होतात, गळू मोठे असले तरीही. माझ्यासाठी पहिले कारण मज्जारज्जू. पायांतील ताकद जाण्याआधी चालणे अडखळते, चप्पल नकळत पायातून निसटते, गुडघ्याचा झटका जोरदार होतो आणि घोटा वर दाबला की पाय थरथरत राहतो. या पायरीवर पकडलेला रुग्ण औषधे आणि विश्रांती यांनी सुधारू शकतो. तीन ते चार आठवड्यांत सुधारणा नसेल, औषधे चालू असताना कमजोरी वाढत असेल, किंवा सुरुवातीलाच दोन्ही पाय जवळजवळ निकामी होऊन लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर मज्जारज्जूवरचा दाब काढून कणा स्थिर करावा. एमआरआयत मज्जारज्जू दबलेला दिसतो पण पाय उत्तम चालतात, एवढ्यावरून मात्र शस्त्रक्रिया ठरवू नये. पूमुळे पडलेला दाब औषधांनी पुष्कळदा ओसरतो. हाडाचा तुकडा किंवा बाकदार कणा दाबत असेल तर तो ओसरत नाही, आणि हा फरक सीटीत दिसतो.

दुसरे कारण कुबड. येथे मुले मोठ्यांहून वेगळी आहेत, कारण आजार बरा झाल्यावरही वाढत्या वयात त्यांचे कुबड वाढत राहू शकते. मद्रासच्या चाचणीतील मुलांचा १५ वर्षे पाठपुरावा करून राजशेखरन यांनी एक्स-रेतील चार धोक्याच्या खुणा नोंदवल्या आहेत: मागचे सांधे सुटणे, हाडाचा तुकडा मागे सरकणे, मणका बाजूला घसरणे आणि वरचा मणका पुढे कलंडणे. यांपैकी दोनहून अधिक खुणा दिसल्या तर मूल चालते-फिरते असतानाच त्याला शल्यविशारदाकडे पाठवा आणि बरे झाल्यावरही वाढ पूर्ण होईपर्यंत त्याचा एक्स-रे दरवर्षी काढा. चित्रावर रुग्णाआधी विश्वास ठेवावा अशी माझ्या अनुभवातील ही एकमेव जागा आहे.