‘आधी-नंतर’च्या फोटोखाली काय लिहायचं?
(पाळीव प्राण्यांच्या ग्रूमरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समोर सगळी ग्रूमर मंडळी आहेत, त्यामुळे स्लिकर ब्रश म्हणजे काय इथून सुरुवात करत नाही. कॅप्शनकडे वळायच्या आधी मला ‘हसणाऱ्या’ कुत्र्याबद्दल बोलायचंय.

परवा एका सलूनची पोस्ट पाहिली. डावीकडे जटा झालेला शित्झू, उजवीकडे तोच गोंडस कापलेला, तोंड उघडं, जीभ बाहेर. खाली लिहिलंय: ‘वेदनेतून सुटका! बघा किती खूश आहे!’ आता हात वर करा, ड्रायरखालून नुकत्याच निघालेल्या कुत्र्याची जीभ कितीजणांनी आत पाहिली आहे? बघा, एकही हात नाही. गरम झालं की कुत्रा धापतो, घाबरला तरी धापतो. ओठांचे कोपरे मागे ओढले जातात आणि आपल्याला ते हसू वाटतं. त्या फोटोत कान मागे चिकटलेले होते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. तो कुत्रा खूश होता की नव्हता, हे मी सांगू शकत नाही. पोस्ट लिहिणाऱ्यालाही एका फोटोवरून ते सांगता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि ‘वेदनेतून सुटका’? कानाला घट्ट बसलेल्या जटा काढल्या की काय होतं, ते तुम्ही रोज बघता. इतके दिवस दाबला गेलेला कान मोकळा होतो, कानात रक्तप्रवाह एकदम वाढतो, कुत्रा डोकं झटकत राहतो. जास्त झटकलं तर कानाच्या पाळीत रक्त साकळून फुगा येतो, मग डॉक्टरांकडे धावपळ. म्हणजे फोटोनंतरची संध्याकाळ त्या कुत्र्याला कदाचित जास्त बेचैन जाईल. पालकांनी ‘सुटका’ वाचलेली असते, त्यामुळे झटकणं दिसलं तरी ते निर्धास्त राहतात. तिथे कॅप्शन नुसतं गोड राहत नाही, त्याने नुकसान होतं.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. मुद्द्यावर येतो.)

तोच शित्झू घेऊ. मी असं लिहीन:

‘कानांवर, काखेत आणि पोटाखाली जटा कातडीला चिकटल्या होत्या. विंचरून सोडवल्या असत्या तर कातडी ओढली गेली असती, म्हणून 10 नंबरच्या ब्लेडने केस आखूड कापले. काखेतली कातडी लालसर दिसली, ती पालकांना दाखवून डॉक्टरांना भेटायला सांगितलं. पुढचे काही दिवस कान झटकण्याकडे लक्ष ठेवा. केस वाढू लागले की रोज मुळापर्यंत विंचरा.’

यातलं प्रत्येक वाक्य आपण केलेलं, पाहिलेलं किंवा सांगितलेलं आहे. तरीही जाहिरात होते, कारण ओढाताण न करता कापायचं ठरवणं हेच आपलं कसब. 10 नंबरने केस दीड मिलिमीटरच्या आसपास उरतात, तेव्हा ‘नवा लूक’ म्हणण्यापेक्षा आखूड का कापले हे सांगितलेलं बरं. पालकांना लाज वाटेल असं मात्र काही लिहू नका. ‘दुर्लक्षामुळे’ हा शब्द वाचला की पुढच्या वेळी ते जटा लपवतात आणि आणखी उशिरा येतात.

आता भराभर. ‘ताणमुक्त ग्रूमिंग’ ऐवजी ‘मध्ये दोनदा थांबलो, नखं पुढच्या भेटीसाठी ठेवली’ असं लिहा. ‘खाज बरी झाली’ अजिबात नको. शाम्पूने कोंडा धुतला गेला असेल, खाजेचं निदान डॉक्टर करतात. गोल्डन किंवा पोमेरेनियनचे केस सरसकट कापून ‘उन्हाळ्यात थंडावा’ लिहू नका. दुहेरी केसांच्या कुत्र्यांत कापलेले केस कधी कधी नीट परत येत नाहीत, आणि उघड्या कातडीला ऊन लागतं. गळते केस काढले असतील तर तेवढंच लिहा.

कायद्याचं एक वाक्य. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहे, आणि 2022मध्ये त्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचनाही आल्या. इन्स्टाग्रामची पोस्टही जाहिरातच. दावा केलात तर तो सिद्ध करायची तयारी हवी, आणि ‘खूश आहे’ सिद्ध करायला आपल्याकडे काहीच नाही.

फोटोंचं राहिलंच. दोन्ही फोटो एकाच टेबलावर, एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून काढा. ‘आधी’ अंधारात आणि ‘नंतर’ खिडकीपाशी काढला तर शब्द कितीही खरे असले तरी फोटो फसवतो. पालकांची परवानगी केस कापायच्या आधी, फॉर्मवरच घ्या. आणि लाल कातडीचा जवळून काढलेला फोटो पोस्ट करू नका, तो पालकांना पाठवा, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल.