एका रिबचा हिशोब

[दृश्य: जुन्या पेठेतल्या वाड्याचं माजघर. कॅमेरा हळूहळू छताकडे जातो.]

वर बघा. हातभर अंतरानं ओळीत लावलेल्या सागवानी कड्या आणि त्यांच्यावर आडव्या फळ्या. कोल्हापूरच्या जुन्या पेठांत असा कडीपाट अजून काही घरांच्या डोक्यावर आहे. माणूस चालला की भार फळीवर येतो, फळी तो कडीला देते, कडी तुळईला आणि तुळई भिंतीला. फळी आणि कडी एकमेकींना चिकटून असल्या तरी दोघींचा संसार वेगळा. वाकताना फळी कडीवरून केसभर सरकते, त्यामुळे कडीची ताकद कडीएवढीच राहते.

[दृश्य: राजारामपुरीतलं बांधकाम. सेंट्रिंगवर पत्र्याचे ट्रे उपडे मांडलेले, मधल्या चरांमध्ये गज.]

राजारामपुरीतल्या या इमारतीत पहिल्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका होणार आहे. शेजारी तेवढीच आणखी एक खोली. मालकांची अट एकच होती, मध्ये खांब नको. म्हणजे बीमच्या मध्यापासून बीमच्या मध्यापर्यंत ६ मीटरचा गाळा. साधा भरीव स्लॅब टाकला असता तर त्याची बरीचशी ताकद स्वतःचंच वजन उचलण्यात गेली असती. म्हणून इथे रिब्ड स्लॅब घेतला आहे. हे ट्रे उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून वाकवून आणलेत. दोन ट्रेंच्या मधल्या चरात काँक्रीट भरलं की रिब होते आणि वरून पसरलं की टॉपिंग. दिसायला हा कडीपाटच, फक्त कडी आणि फळी एकाच काँक्रीटची.

मापं सांगतो. रिबची रुंदी १२० मिलिमीटर. एका रिबच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ६०० मिलिमीटर. टॉपिंग ७५ मिलिमीटर जाड, एकूण खोली ३५०. काँक्रीटचं भारतीय कोड आयएस ४५६ म्हणतं की रिब ६५ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, रिबांमधलं अंतर दीड मीटरच्या वर नको आणि टॉपिंग सोडून रिबची खोली तिच्या रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त नको. आपण तिन्हींच्या बरेच आत आहोत.

[दृश्य: कागदावर पेन्सिलीनं इंग्रजी टी अक्षराचा छेद काढला जातो.]

आता संपूर्ण स्लॅब विसरा. एक रिब घ्या आणि तिच्या दोन्ही बाजूंचं निम्मं-निम्मं टॉपिंग तिला जोडा. हा झाला टी आकाराचा छेद. डोक्यावर ६०० बाय ७५ ची पाटी, खाली १२० बाय २७५ चा दांडा. या छेदाचं क्षेत्रफळ ७८,००० चौरस मिलिमीटर भरतं. तेवढंच काँक्रीट सपाट पसरलं असतं तर १३० मिलिमीटरचा स्लॅब झाला असता.

आता ताठपणा बघू. पाटी आणि दांडा मिळून गुरुत्वमध्य वरून सुमारे ११२ मिलिमीटरवर येतो. त्याभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे छेदाच्या ताठपणाचं माप, काढला तर तो ८१.२ कोटी भरतो, मिलिमीटरच्या चौथ्या घातात. एवढाच ताठपणा भरीव स्लॅबमध्ये हवा असेल तर जाडी २५३ मिलिमीटर लागेल. म्हणजे काँक्रीट १३० चं आणि ताठपणा २५३ चा.

आणि हीच पाटी आणि हाच दांडा कडीपाटासारखे सुटे ठेवले तर? दांड्याचे २०.८ कोटी, पाटीचे २.१ कोटी, मिळून २३ कोटीसुद्धा नाहीत. एकजीव असण्यानं तो आकडा साडेतीन पट होतो.

२५३ या आकड्याचा एक धोका आहे. कॉम्प्युटरवर स्लॅबची जाडी २५३ लिहिली की प्रोग्राम वजनही २५३ चंच धरतो, चौरस मीटरला ६.३ किलोन्यूटन. आपल्या स्लॅबचं खरं वजन ३.२५ आहे. शिवाय भरीव स्लॅब दोन्ही दिशांना सारखाच ताठ असतो. इथे रिबांच्या आडव्या दिशेला नुसतं ७५ मिलिमीटरचं टॉपिंग आहे. म्हणून ही समतुल्य जाडी मी स्लॅब किती खाली जाईल एवढ्याचाच अंदाज घ्यायला वापरतो. गज किती घालायचे ते त्या टी छेदाला विचारायचं.

[दृश्य: रिबच्या चरातले गज जवळून.]

विचारू या. स्वतःचं वजन ३.२५, फरशी आणि खालचं प्लास्टर १.२५. पुस्तकांची कपाटं त्याच खोलीत राहणार म्हणून चल भार, म्हणजे माणसांचा आणि सामानाचा, ४. एकूण साडेआठ किलोन्यूटन दर चौरस मीटरला. सुरक्षिततेसाठी त्याला दीडनं गुणलं की १२.७५. एका रिबच्या वाट्याला ६० सेंटिमीटरचा पट्टा येतो, म्हणजे दर मीटर लांबीला ७.६५ किलोन्यूटन. दोन खोल्या लागून असल्या तरी प्रत्येक गाळा साधा टेकलेला, म्हणजे शेजारच्याशी न जोडलेला, धरला आहे. त्याचं कारण पुढे येईल.

[पडद्यावर: M = w l² / 8 = 7.65 × 6² / 8 = 34.4 kN·m]

हा मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, एका रिबचा. हेच गणित मीटरच्या पट्ट्यावर केलं तर ५७.४ येतात, आणि तो आकडा ६० सेंटिमीटरच्या रिबला लावून जवळजवळ पावणेदोन पट लोखंड घातलेली ड्रॉइंग मी पाहिली आहेत. उलटी चूक झाली तर ती मात्र महागात पडते.

काँक्रीटची प्रत एम २५, गजांची एफई ५००. गजांच्या मध्यापर्यंतची खोली ३१० मिलिमीटर. पाटी ६०० रुंद असल्यामुळे दाब पेलायला भरपूर काँक्रीट आहे. न्यूट्रल अ‍ॅक्सिस म्हणजे दाब संपून ताण सुरू होतो ती रेषा; ती वरून जेमतेम २१ मिलिमीटरवर येते, पाटीच्या ७५ मिलिमीटरच्या पुष्कळ आत. त्यामुळे अख्खी टी ६०० रुंदीच्या साध्या आयताकृती बीमसारखी सोडवता येते. दाब आणि ताण यांच्यातलं अंतर, म्हणजे लिव्हर आर्म, ३०१ मिलिमीटर, आणि लोखंड लागतं २६३ चौरस मिलिमीटर. १२ मिलिमीटरचे दोन गज २२६ देतात, ते कमी पडतात. १६ चे दोन ४०२ देतात, ते उगाच जास्त. मी एक १६ चा आणि एक १२ चा घेतला, ३१४ होतात. साइटवर दोन जाडीचे गज म्हणजे डोकेदुखी, हे कबूल. पण मिस्त्रींनी त्यावर सोपा उपाय काढला. १६ चा गज सगळीकडे रंकाळ्याच्या बाजूला. एका टोकाला उभं राहून ओळ बघितली की चूक लगेच दिसते.

दोन्ही गज टेकूपर्यंत सरळ नेले आहेत. मध्येच एक तोडला असता तर टेकूजवळ १२० च्या अरुंद दांड्यातल्या नुसत्या काँक्रीटला शिअर, म्हणजे कातरणारा जोर, झेपला नसता. कोड निदान निम्मं लोखंड टेकूवर न्यायला सांगतं, इथे सगळंच नेलं.

आता जरा खाली वाका. चराची रुंदी १२०. दोन्ही बाजूंना काँक्रीटचं कव्हर २५-२५, गजांभोवतीच्या रिंगचे दोन पाय, मग गज. दोन गजांच्या मध्ये उरते ती फट ३० मिलिमीटरची. २० मिलिमीटरची खडी असेल तर ही फट २५ च्या खाली जायला नको. काही वर्षांपूर्वी माझ्याच एका कामावर रिब एवढीच होती, गज दोन्ही १६ चे, आणि ड्रॉइंगमधल्या ६ ऐवजी साइटवर ८ ची रिंग बसली. २६ ची फट २२ झाली. चार मिलिमीटरनं काय बिघडतंय, असं मलाही वाटलं होतं. साचे काढले तर रिबच्या बुडाला जागोजागी खडी उघडी, मध्ये सिमेंटचा पत्ता नाही. जिथे वरून ठीक दिसत होतं तिथे हातोडीनं ठोकल्यावर बद्द आवाज यायचा. आता रिबांसाठी मी बारीक खडीच मागवतो आणि रिंग ६ ची, दर २०० मिलिमीटरला, हे स्वतः मोजून घेतो.

[दृश्य: काँक्रीटची सकाळ. मिक्सर सुरू, मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभे.]

सकाळी मिस्त्री म्हणाले, “सायेब, आधी सगळ्या रिबा भरून घेतो. मग जेवान. मग वरचा थर एकदम सपाट मारतो. चालतंय न्हवं?”

नाही चालत. कारण सांगतो. गाळ्याच्या मध्यात गजांमध्ये ११४ किलोन्यूटनचा ताण असतो, म्हणजे सुमारे साडेअकरा टन. तेवढाच दाब वरच्या पाटीत असायला हवा. तो तिथे आपोआप येत नाही. टेकूपासून मध्यापर्यंतच्या तीन मीटरांत दांडा तो थोडा थोडा करून पाटीच्या हवाली करतो, आणि हा सगळा व्यवहार १२० मिलिमीटर रुंदीच्या एका पट्टीतून होतो, जिथे दांडा पाटीला मिळतो. जेवणाच्या सुट्टीत रिब आवळली आणि वर नवा थर पडला तर सांधा नेमका त्याच पट्टीत येतो. रिंगांचे पाय वर पाटीत गेलेले असतात म्हणून दोघं अगदीच सुटत नाहीत, पण साडेतीन पटींचा जो हिशोब केला तो त्या सांध्यावर टांगून ठेवायची माझी तयारी नाही.

म्हणून दोन-दोन रिबांचे पट्टे केले. पट्ट्यातली रिब भरायची आणि पाठोपाठ तिथलंच टॉपिंग. व्हायब्रेटरची सुई टॉपिंगमधून खालच्या रिबमध्ये गेली पाहिजे. ती स्वतःच्या वजनानं उतरली तर थर अजून जिवंत आहे. दाबावी लागली तर उशीर झाला.

[दृश्य: दोन खोल्यांमधला बीम. टॉपिंगच्या जाळीत वरून टाकलेले आखूड गज.]

आता ते राहिलेलं कारण. दोन गाळे सलग धरले तर मधल्या बीमवर स्लॅब उलटा वाकतो. ताण वर, दाब खाली. म्हणजे ६०० ची पाटी ताणात गेली, तिचा दाबासाठी काही उपयोग नाही. दाब घ्यायला उरला १२० चा दांडा. दोन सारखे गाळे पूर्ण भारानं भरले तर तिथला मोमेंटही ३४.४ च येतो, पण न्यूट्रल अ‍ॅक्सिस दाबाच्या काठापासून २१ ऐवजी १२३ मिलिमीटरवर जातो. एवढ्या दांड्याची मोमेंटची मर्यादा आहे ३८. बसतं, पण काठावर, आणि शिअरही वाढतो. काही जण बीमजवळचे ट्रे मागे घेऊन तेवढा भाग भरीव करतात, तोही बरोबर मार्ग आहे.

कोड आणखी एक वाट देतं. प्रत्येक गाळा साधा टेकलेला धरा, मध्यात पूर्ण लोखंड द्या, आणि बीमवर भेगा आवरायला मध्यातल्याच्या निदान चौथा हिस्सा लोखंड वरून घाला, ते दोन्ही बाजूंना मोकळ्या गाळ्याच्या दहाव्या भागापर्यंत न्या. मी ही वाट घेतली. म्हणून प्रत्येक रिबवर १२ चा हा एक गज, बीमच्या दोन्ही बाजूंना ६०० मिलिमीटर आत गेलेला. बीमवर केसासारखी भेग येईल, हे धरूनच चाललोय. फरशीवाल्याला सांगून ठेवलंय, फरशीचा सांधा बरोबर बीमच्या रेषेवर घे.

[दृश्य: संध्याकाळ. शेवटचा पट्टा भरून होतो. मिस्त्री सुई बाहेर काढून पाण्यानं धुतात.]

मिस्त्रींचं जेवण त्या दिवशी साडेचारला झालं. डबा गार झाला होता. तांबडा रस्सा गार खायची वेळ माझ्यामुळे आली, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.