जिमचा पहिला आठवडा आणि कोऱ्या चहासारखी लघवी

नमस्कार श्रोतेहो. पाऊस तोंडावर आला की हवा कशी होते, तुम्हांला ठाऊक आहे. घाम येतो, पण वाळत नाही. अशाच एका दमट आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावातला तेवीस वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याची गोष्ट सांगतो.

सोमवारी त्याचा जिमचा पहिला दिवस. पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, आणि मित्राशी पैज. दोघांनी मिळून दोनशेच्या वर उठाबशा मारल्या. मंगळवारी मांड्या धरल्या, जिना उतरताना कठडा पकडावा लागला. आई म्हणाली, ‘सवय नाही ना बाळा, होणारच.’ तोवर तिचं बरोबर होतं.

नवीन व्यायामानंतरचं हे दुखणं बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. त्याला लॅक्टिक ॲसिड साचलं असं म्हणतात, पण ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं. दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा झाल्यामुळे. स्नायू ताणला जात असताना भार सोसतो तेव्हा ही इजा जास्त होते, म्हणजे उठताना नव्हे, खाली बसताना. डोंगर चढण्यापेक्षा उतरल्यावर मांड्या जास्त दुखतात, त्याचंही कारण हेच.

बुधवारी सकाळी मात्र चित्र बदललं. पाटावर बसलेल्या त्या मुलाला उठताच येईना. साध्या दुखण्यात माणूस कण्हत, आधार घेत का होईना, उठतो. याच्या मांड्यांतली ताकदच गेली होती. मांड्या सुजून टणक झालेल्या. आणि लघवी कोऱ्या चहासारखी, तांबूस-काळपट. त्याला वाटलं, उष्णता झाली. मंगळवारी रात्री मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या दोन गोळ्याही त्याने घेतल्या होत्या.

आत काय चाललं होतं? स्नायूंच्या पेशी फुटत होत्या. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. फुटलेल्या पेशींतून मायोग्लोबिन नावाचं लालसर प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडातून गाळलं जाताना त्यातल्या बारीक नळ्या तुंबवतं, बिघडवतं. घामाने शरीर सुकलेलं असलं तर जास्तच. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात, म्हणून अशा वेळी त्या घेऊ नयेत.

तपासणीत एक गंमत दिसते. लघवीत बुडवलेली पट्टी ‘रक्त आहे’ म्हणते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नसतातच. पट्टी मायोग्लोबिनला फसते. मग आम्ही रक्तातलं सीपीके बघतो, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात उतरणारं विकर. ते साधारण दोनशेच्या आत असतं. नव्या व्यायामाने ते हजाराच्या वरही जातं, त्यामुळे नुसत्या आकड्याला घाबरायचं नाही. याचं अठ्ठेचाळीस हजार होतं, आणि मूत्रपिंडाचं काम मंदावलं की वाढणारं क्रिएटिनिनही वाढलं होतं. त्याला जिल्ह्याच्या गावी भरती केलं.

सलाईन जोरात लावलं. तासाला दोनशे मिलिलिटरच्या आसपास लघवी व्हावी, असा बेत. दुसऱ्याच दिवशी लघवी स्वच्छ झाली आणि घरचे म्हणाले, आता सोडा. पण मायोग्लोबिन लवकर निघून जातं, सीपीके मात्र दिवसागणिक हळूहळू उतरतं. तोवर मूत्रपिंडावर आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं. पाच दिवसांनी घरी सोडलं.

पोटॅशियमवरून शहाळं आठवलं. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की कोणीतरी माडावर चढतंच. एरवी छान. पण फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम आधीच रक्तात उतरत असतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकायला कमी पडतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. म्हणून या दुखण्याची शंका असेल तर शहाळं बाजूला ठेवा, रुग्णालयात निघेपर्यंत साधं पाणी द्या.

आता लघवीचा रंग. बीट खाल्लं तरी ती लाल होते, कावीळ झाली तरी गडद होते. शिवाय स्नायू फुटले तरी प्रत्येकाची लघवी गडद होतेच असं नाही. त्यामुळे रंगाची वाट बघत बसू नये. ताकद गेली, सूज टणक आहे किंवा लघवी अगदी कमी होते, यातलं एकही असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि पावसात ताप असेल, पोटऱ्या दुखत असतील आणि शेतात चिखलात काम झालं असेल, तर दोष जिमवर टाकू नका. ते लेप्टो असू शकतं, त्याची तपासणी वेगळी.

तो मुलगा दीड महिन्याने, सीपीके पूर्ण उतरल्यावर, पुन्हा जिमला गेला. पहिल्या दिवशी दहा उठाबशा. पैज लावणारा मित्र बाकावर बसून मोजत होता.