टीसी मागायला आलेल्याला काय सांगायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रीत जे काम करतात, त्यांना दुसऱ्या पाळीतली लॅब सांगायला नको. बऱ्याच ठिकाणी तिथं एकच केमिस्ट असतो. त्याचं ठरलेलं काम म्हणजे भट्टीतलं सॅम्पल घेऊन स्पेक्ट्रोवर लावायचं, रिझल्ट भट्टीवाल्याला कळवायचा आणि काही कमी-जास्त असेल तर काय टाकायचं ते सांगायचं. पण खोलीला एसी असतो, काँप्युटर आणि फोनही तिथंच असतो, म्हणून ज्याचं काम अडलं तो लॅबच्या दारात येतो. मोल्डिंगवाला वाळूची ओल बघून द्यायला सांगतो, मशिन शॉपमधून कास्टिंगचा हार्डनेस काढायला येतो आणि डिस्पॅचचा माणूस टीसी, म्हणजे मालाबरोबर गिऱ्हाईकाला जाणारं टेस्ट सर्टिफिकेट, मागतो. आज मी बोलणार आहे ते या टीसीबद्दल. नाही म्हणायला सगळ्यात जड तेच जातं आणि चुकलं तर सगळ्यात महागही तेच पडतं.

आधी केमिस्टच्या हातात त्या वेळी काय असतं ते बघू. एसजी आयर्नची हीट चालू आहे. वितळलेलं लोखंड साधारण चौदाशे ऐंशी ते पंधराशे डिग्रीला आलंय आणि सॅम्पलचं कॉइन लॅबमध्ये पोचलंय. ते नीट घासायचं, दोन-तीन जागी स्पार्क मारायचे, आकडे एकमेकांशी जुळतात का बघायचं आणि मगच रिझल्ट द्यायचा. सगळं सुरळीत असेल तर पाचेक मिनिटांचं काम. पण तेवढा वेळ भट्टी त्या रिझल्टसाठी थांबलेली असते. सिलिकाचं अस्तर असलेल्या इंडक्शन भट्टीत इतक्या तापमानाला धातू नुसता धरून ठेवला, तर त्यातला कार्बन अस्तराशी प्रक्रिया होऊन कमी होत जातो आणि सिलिकॉन वाढत जातो. म्हणजे केमिस्ट दुसऱ्याच्या कामात दहा-पंधरा मिनिटं अडकला, तर त्यानं दिलेला रिझल्ट भट्टीत त्या वेळी असलेल्या धातूचा राहत नाही. घाईघाईत नीट न घासलेल्या कॉइनचे आकडेही दगा देतात. अशा वेळी दुसरा स्पार्क पहिल्याशी जुळत नाही आणि सॅम्पल परत मागवावं लागतं.

नेमक्या याच वेळी डिस्पॅचचा माणूस येतो. "भावा, गाडी भरून उभी आहे. एवढी टीसी मारून दे की, केमिकल तर तुझ्याकडंच आहे."

त्याचं खोटं नसतं. केमिकल रिपोर्ट खरोखरच लॅबच्या काँप्युटरमध्ये असतो. पण गिऱ्हाईकाला जाणाऱ्या टेस्ट सर्टिफिकेटवर फक्त केमिकल नसतं. ग्रेडप्रमाणे टेन्साइल, इलाँगेशन, हार्डनेस आणि मायक्रोस्ट्रक्चर लागतं, आणि हे सगळं त्याच हीट नंबरचं असावं लागतं. संध्याकाळी ओतलेल्या हीटचा टेस्ट बार त्या रात्री बहुधा मशिनिंगलाही गेलेला नसतो, मग तो ओढायचा कधी? अशा वेळी मागच्या हीटचे आकडे उचलून नव्या नंबरपुढं टाकायचा मोह होतो. पुढं गिऱ्हाईकाच्या तपासणीत त्या लॉटमधला एक नग कापला गेला आणि ग्रॅफाइटच्या गाठींचा आकार नीट आलेला नसला, तर सर्टिफिकेट खोटं ठरतं आणि चौकशी सही करणाऱ्यापाशी येऊन थांबते. टीसी देणं हे क्यूए इनचार्जचं काम ठेवलेलं असतं ते याचसाठी. सगळे रिपोर्ट एकत्र बघायचा अधिकार त्यांचाच असतो.

तेव्हा नाही कसं म्हणायचं? "माझं काम नाही" असं तोडून बोललात, तर समोरचा चिडतो आणि सुपरवायझरला घेऊन येतो. "बघतो थोड्या वेळानं" म्हणालात तर त्याहून वाईट. तो ते होकार समजून निघून जातो आणि गाडी तुमच्या नावावर उभी राहते. हातातलं काम, नकार आणि पुढचा पत्ता या तिन्ही गोष्टी एका दमात सांगा. म्हणजे असं: "दादा, भट्टी सॅम्पलसाठी थांबली आहे, मी उठू शकत नाही. टीसी मला देता येत नाही, ती क्यूए इनचार्ज साहेबांकडून येते. हीट नंबर आणि गाडी कधी निघणार ते सांगा, रिझल्ट दिला की मी त्यांना लगेच कळवतो." यात नकार स्पष्ट आहे, पण माणूस रिकाम्या हातानं जात नाही.

कळवायचं ते लिहून कळवा. इनचार्ज घरी जेवायला बसलेले असतील, तेव्हा फोनवर निम्मं ऐकलं जातं. मेसेजमध्ये हीट नंबर, पार्टचं नाव, नग किती, गाडीची वेळ, केमिकल तयार आहे का आणि टेस्ट बार कुठं आहे, एवढं घाला. यातला शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. पण इनचार्जना निर्णय घ्यायचा असतो तो त्यावरच. गाडी थांबवायची, की गिऱ्हाईकाशी बोलून माल पुढं पाठवायचा आणि टीसी मागाहून द्यायची, हे ते आणि डिस्पॅचचे साहेब ठरवतील. मेसेज पाठवल्यावर डिस्पॅचवाल्यालाही सांगा, "साहेबांना कळवलंय, आता त्यांच्याशीच बोला." नाहीतर दर पाच मिनिटांनी तो परत तुमच्याच दारात.

आणखी एक बारीक गोष्ट. कास्टिंग किंवा वाळूचा डबा घेऊन आलेला माणूस नकार ऐकतो आणि वस्तू टेबलावर ठेवून जातो. ती ठेवून घेऊ नका. पाळी बदलली की कास्टिंगवरचा खडूचा नंबर पुसट झालेला असतो, कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नाही, आणि लॅबकडं दिलं होतं एवढंच सगळे सांगतात. हार्डनेसचं कास्टिंग त्याच्याच हातात परत देऊन फायनल इन्स्पेक्शनला पाठवा, वाळू सँड प्लँटवर. वाळू तर ठेवून चालतच नाही. उघड्या डब्यात तिची ओल उडते आणि तासाभरानं काढलेला आकडा मोल्डिंगच्या काही कामाचा राहत नाही.

सुपरवायझर स्वतः येऊन "तूच कर" म्हणाले तर वाद घालू नका. "भट्टीचं सॅम्पल थांबवून हे करू का? मग तसं लॉग बुकात लिहून सही करा," एवढंच शांतपणे विचारा. भट्टी थांबवायची का, हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे, आणि प्रश्न असा समोर ठेवला की बहुतेक सुपरवायझर भट्टीच निवडतात. पण टीसीवर सही करायची गोष्ट असेल, तर त्यांनी लिहून दिलं तरी करू नका. तो अधिकार त्यांच्याकडंही नसतो.

यात अपवाद आहे तो जिवाचा. भट्टीचं अस्तर फुटून धातू बाहेर येत असेल, लॅडल गळत असेल, कुणी भाजलं असेल, तर हे काम कुणाचं हा प्रश्नच उरत नाही. कॉइन तिथंच टाकायचं आणि तुमच्या कारखान्यात शिकवलंय त्याप्रमाणं धावायचं.

परत पाठवलेलं प्रत्येक काम लॉग बुकात एका ओळीत लिहा. वेळ, कुणी आणलं, काय होतं, कुणाकडं पाठवलं. चार्ज देताना पुढच्या केमिस्टला त्या ओळी दाखवा, म्हणजे तोच माणूस तेच काम घेऊन रात्री परत आला तर तो फसणार नाही. महिनाभरात टीसीची ओळ आठ-दहा वेळा आली, तर ते पान सकाळच्या मीटिंगमध्ये क्यूए इनचार्जसमोर ठेवा. संध्याकाळी निघणाऱ्या गाड्यांची यादी डिस्पॅचनं दुपारीच क्यूएला द्यायची, की दुसऱ्या पाळीत सहीचा अधिकार असलेला माणूस बसवायचा, हे मग त्यांना ठरवावंच लागेल.

नमस्कार.